फक्त बिलाचा फोटो येतो, प्रश्न येत नाही: ७,०८६ रुपये १८ पैशांची उकल

पंधरा डिसेंबरला रात्री नऊच्या सुमारास ठाण्याच्या मावशीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पोस्टपेड बिलाचं पहिलं पान, डायनिंग टेबलवर ठेवून काढलेलं. उजव्या कोपऱ्यात पंख्याची सावली, खाली आडवा चमचा. सोबत एक अक्षर नाही. ना 'हे बघ', ना प्रश्नचिन्ह. एकूण रक्कम ७,०८६.१८.

मी काही वर्षं एका मोबाइल कंपनीच्या बिलिंगच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे नातेवाईक आणि सोसायटीतले लोक असे फोटो मला हमखास पाठवतात. मजकूर नसतो, कारण काय विचारायचं हेच त्यांना उमगलेलं नसतं. रक्कम बघून पोटात गोळा आलेला असतो, एवढंच. 'काय झालं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'बघ ना.' म्हणून मी आता तो प्रश्न विचारतच नाही. पहिला प्रश्न असतो, 'मागच्या महिन्यात किती आलं होतं?' याचं उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ असतं.

मावशीचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'नेहमीचे ७६४.'

इथेच निम्मं काम होतं. नेहमीचं बिल माहीत असलं की वाढीव रक्कम कळते, आणि त्या वाढीव रकमेतून कर काढून टाकला की नेमके किती रुपये शोधायचे आहेत ते कळतं. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो (बिलावर तो ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो). म्हणून फरकाला १.१८ ने भागायचं:

```
7086.18 - 764.64 = 6321.54
6321.54 / 1.18   = 5357.24
```

म्हणजे बिलात कुठेतरी ५,३५७ रुपये २४ पैशांच्या ओळी आहेत, ज्या मागच्या महिन्यात नव्हत्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा आणि त्यातून एकेक ओळ वजा करत जायची. शेवटी शून्य उरलं तरच बिल समजलं असं म्हणायचं. बरेच जण मोठी ओळ दिसली की 'हां, रोमिंगमुळे आलंय' म्हणून थांबतात, आणि खाली पडलेली छोटी ओळ दर महिन्याला येत राहते.

भागण्याआधी एक खात्री मात्र करून घ्यावी. प्लॅन नुकताच बदलला आहे का? पोस्टपेडमध्ये भाडं आगाऊ घेतात आणि वापराचे पैसे मागाहून. महिन्याच्या मध्ये प्लॅन बदलला तर त्या बिलात नव्या प्लॅनचं उरलेल्या दिवसांचं भाडं आणि पुढच्या पूर्ण महिन्याचं भाडं असं दोन्ही येतं. पहिलंच बिल दीडपट बघून लोक भांडायला येतात, आणि त्यात चूक काहीच नसते. मावशीचा प्लॅन तोच होता: तिचा ४९९ चा आणि त्याच खात्यावर काकांचा जोड नंबर १४९ चा. दोन्ही मिळून ६४८, करासह ७६४.६४. हिशोब जुळला.

आता फोटो. पहिल्या पानावर फक्त बेरजा असतात: भाडं, पॅक, वापर, रोमिंग, व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस, कर. तपशील आतल्या पानांवर असतो आणि ती पानं कोणी पाठवत नाही. फोटोच्या तळाशी बारीक अक्षरात 'पान १ पैकी ६' असं होतं. पीडीएफच का पाठवत नाहीत याचं कारणही साधं आहे. पीडीएफला पासवर्ड असतो, तो ईमेलमध्ये लिहिलेला असतो, आणि तो ईमेल मुलाच्या नावावर असतो. मी मावशीला सांगितलं, 'उरलेली पाच पानं पाठव. मला पाठवलीस तर चालेल, पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकशील तर नंबर, पत्ता आणि खाते क्रमांकावर बोट ठेवून फोटो काढ.' पुढच्या दोन पानांवर खरोखरच तिचं बोट होतं, आकड्यांवर.

पानं येईपर्यंत पहिल्या पानावरून बराच अंदाज बांधता येतो. माझी नजर आधी पैशांवर जाते, म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर. ठरलेल्या दराच्या गोष्टी, म्हणजे भाडं, पॅक, सबस्क्रिप्शन, बहुधा पूर्ण रुपयांत असतात. जिथे विचित्र पैसे दिसतात तिथे काहीतरी मोजून लावलेलं असतं, आणि आजकाल तो बहुधा डेटा असतो. मावशीच्या पानावर असं होतं: पॅक २,९९९.००, रोमिंग २,०५०.००, व्हॅल्यू ॲडेड १४०.००, वापर १६८.२४. बेरीज ५,३५७.२४. म्हणजे शोधायचं सगळं याच चार ओळींत होतं.

२,९९९ ची ओळ मावशीला ठाऊक होती. अठरा ते चोवीस नोव्हेंबर ती आणि काका मुलाकडे दुबईला गेले होते आणि तिने दहा दिवसांचा रोमिंग पॅक स्वतः घेतला होता. ती वजा केली. उरले २,३५८.२४.

तिला खटकलं होतं ते याच्या पुढचं. फोनवर म्हणाली, 'अरे पण पॅक घेतला होता ना? मग वर परत रोमिंग कसलं?'

पॅक घेऊनही रोमिंगची वेगळी ओळ आली तर तीन शक्यता मी आधी तपासतो. पॅक सुरू व्हायच्या आधीचा किंवा संपल्यानंतरचा वापर, पॅकच्या यादीत नसलेल्या देशाचं नेटवर्क, किंवा जमिनीवर नसलेलं नेटवर्क. सहाव्या पानावरच्या रोमिंगच्या तक्त्यात तारीख, वेळ, नेटवर्कचं नाव, प्रमाण आणि रक्कम असे रकाने असतात. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, नेटवर्कचं नाव वाचावं. दुबईतल्या सगळ्या ओळींसमोर रक्कम शून्य होती, कारण त्या पॅकमधून गेल्या होत्या. एकच ओळ वेगळी होती: अठरा तारीख, नेटवर्कच्या जागी देशाऐवजी विमानातल्या सेवेचं नाव, डेटा ४ एमबी, रक्कम २,०५०.

विमानात मोबाइल नेटवर्क असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही विमानांत एक छोटं बेस स्टेशन बसवलेलं असतं, ते उपग्रहामार्गे जमिनीशी जोडलेलं असतं, आणि विमान पुरेसं उंच गेलं की ते सुरू होतं. फोनच्या दृष्टीने तो आणखी एक परदेशी टॉवर. बिलावर किंवा फोनच्या स्क्रीनवर अशा वेळी AeroMobile सारखं नाव दिसतं. बहुतेक देशांचे पॅक या नेटवर्कला लागू नसतात, त्याचा पॅक वेगळा असतो, आणि पॅक नसेल तर दर डोळे पांढरे करणारा असतो. मावशीच्या बिलावर तो १० केबीला ५ रुपये होता. ४ एमबी म्हणजे ४,०९६ केबी, दहाच्या तुकड्यांत ४१० तुकडे, गुणिले ५. झाले २,०५०.

४ एमबी म्हणजे किती? व्हॉट्सॲपवर आलेले पंधरा-वीस सकाळच्या शुभेच्छांचे फोटो. ते आपोआप उतरतात, त्यासाठी कोणी काही दाबायला लागत नाही.

पण डेटा रोमिंग चालू कसं होतं? मावशीने आठवून सांगितलं. मुंबई विमानतळावर मुलाने फोनवरून तिच्याकडून सेटिंग करून घेतली होती: 'तिथे उतरल्यावर तुला जमणार नाही, आत्ताच चालू करून ठेव.' आणि उड्डाणाच्या वेळी तिने एअरप्लेन मोड लावलाच होता, पण नंतर ढगांचे फोटो काढताना, 'सगळं बंद बंद दिसतंय' म्हणून तो काढून टाकला. मुलाचा सल्ला प्रेमाचा होता, क्रम चुकला. डेटा रोमिंग विमान उतरल्यावर चालू करायचं, आणि उड्डाणभर एअरप्लेन मोड ठेवायचा. विमानातलं वायफाय वापरायचं असेल तर एअरप्लेन मोडमध्येही वायफाय वेगळं चालू करता येतं. मोठ्या क्रूझ बोटींवरही असंच उपग्रहाचं नेटवर्क असतं, किनारा डोळ्यांना दिसत असला तरी फोन बोटीला चिकटलेला असू शकतो.

यात कंपनीची चूक शोधायला गेलो तर मला सापडली नाही. वापर झाला होता, दर प्रसिद्ध केलेला होता, आणि मावशीच्या जुन्या फोनमध्ये त्या वेळेचा दराचा एसएमएसही सापडला. मी तिला तसं सरळ सांगितलं. विनंती करून बघ, एकदा सूट देतातही, पण हा तक्रारीचा मुद्दा नाही. तिने विनंती केली. सूट मिळाली नाही.

रोमिंगबद्दल अजून दोन गोष्टी, कारण त्यांचे फोटोही वरचेवर येतात. परदेशी कंपनी आपल्या वापराच्या नोंदी इकडे पाठवते तेव्हा त्यांना कधी उशीर होतो, आणि महिन्याच्या शेवटी केलेल्या प्रवासाचे पैसे त्याच्या पुढच्या बिलात येतात. 'या महिन्यात मी कुठे गेलोच नाही' म्हणून भांडायच्या आधी नोंदीची तारीख बघावी. दुसरं, परदेशात असताना न उचललेला फोन दुसऱ्या भारतीय नंबरवर वळवलेला असेल तर तो कॉल आधी तिकडे जातो आणि तिथून परत इकडे येतो, आणि दोन्ही बाजूंचे पैसे लागू शकतात. निघण्याआधी `##002#` डायल केलं की सगळी फॉरवर्डिंग रद्द होते. आणि देशातल्या रोमिंगची ओळ शून्य असेल तर ती बघून घाबरायचं कारण नाही. सोलापूरला जाऊन आलेल्या एका शेजाऱ्यांनी त्या शून्याला लाल पेनाने गोल करून पाठवलं होतं.

उरले ३०८.२४. त्यातले १४० व्हॅल्यू ॲडेडचे.

इथे एक गोंधळ आधी दूर करतो. बिलावर 'ॲड-ऑन' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. एक म्हणजे जोड नंबर, घरातल्या दुसऱ्या माणसाचं सिम. दुसरं म्हणजे वरून घेतलेली सेवा: कॉलर ट्यून, गाणी, गेम, भविष्य, एखादं व्हिडिओ ॲप. मावशी म्हणत होती, 'ॲड-ऑन तर काकांचं आहेच,' आणि त्यामुळे तिने त्या १४० कडे बघितलंच नव्हतं. जोड नंबरचे १४९ भाड्यात धरलेले होते. हे १४० वेगळे.

चौथ्या पानावर तपशील सापडला, काकांच्या नंबरखाली. १५, २२, २९ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर. प्रत्येक वेळी ३५ रुपये. आपण होऊन चालू झालेल्या सबस्क्रिप्शनची ओळख म्हणजे तिची चाल. दर सात दिवसांनी तीच रक्कम आली की डोळे झाकून सांगता येतं की साप्ताहिक सेवा लागली आहे. वापराचे पैसे असे घड्याळ लावून येत नाहीत. आणि त्यातल्या एका तारखेला, २२ ला, काका दुबईत होते. म्हणजे त्यांनी तिथून काही 'वापरलं' असण्याचा प्रश्नही नव्हता.

काकांचा आवाज चढला. 'मी काहीही घेतलेलं नाही! मला तर ते गेम-बिम येतही नाहीत.' मी विचारलं, 'काका, तुम्ही मोबाइलवर मॅचचा स्कोअर कुठे बघता?' ते एका साइटवर बघतात, जिथे स्कोअरच्या वर, खाली आणि मध्ये जाहिराती असतात. घराच्या वायफायवर अशा जाहिरातीवर बोट पडलं तर उघडणारं पान सहसा नंबर टाकायला सांगतं, म्हणून माणूस सावध होतो. मोबाइल डेटावर मात्र नेटवर्कला तुमचा नंबर आधीच माहीत असतो. मग पुढचं पान थेट 'पुढे' किंवा 'होय' असं बटण दाखवतं, आणि स्कोअर दिसायची घाई असलेला माणूस ते दाबतो. दोनदा दाबलं की झालं.

दोनदा म्हणतो त्याला कारण आहे. टेलिकॉम नियामक ट्रायने जुलै २०१३ मध्ये असा आदेश काढला की अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती हवी, आणि दुसरी संमती मोबाइल कंपनीने स्वतः घ्यायची, सेवा विकणाऱ्याने नाही. त्यामुळे तक्रार करताना 'मी घेतलंच नाही' एवढंच म्हणून थांबू नये. 'दुसऱ्या संमतीची नोंद दाखवा: तारीख, वेळ आणि ती कशी घेतली' असं मागावं. कंपनीकडे नोंद असेल तर ती देतील. नसेल तर पैसे परत करण्यावाचून त्यांच्याकडे फारसं उत्तर नसतं. माझ्या अनुभवात हे एक वाक्य अर्ध्या तासाच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त काम करतं.

आधी सेवा बंद करायची, मग तक्रार. बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी एकच क्रमांक आहे, `155223`. टोल-फ्री आहे. ज्या नंबरवर सेवा लागली आहे त्याच फोनवरून करायचा. मावशीने आधी तिच्या फोनवरून केला आणि 'आपल्या नंबरवर कोणतीही सेवा चालू नाही' असं ऐकून निश्चिंत झाली होती. काकांच्या फोनवरून केल्यावर ती सेवा यादीत सापडली. बंद केल्यावर जो एसएमएस येतो तो पुसायचा नाही.

एक गोष्ट मी विचारून घेतली. पंधरा तारखेला आम्ही बोलत होतो, म्हणजे १३ डिसेंबरचे ३५ आधीच लागले असणार. ते या बिलात नाहीत, कारण बिलाचा महिना ११ ला संपला. ते पुढच्या बिलात येणार. म्हणून तक्रारीत चारचा नाही, पाच वेळचा उल्लेख करायला लावला. नाही तर महिन्याभराने पुन्हा फोटो आला असता.

प्ले स्टोअरवरून घेतलेलं एखादं ॲप 'मोबाइल बिलात जोडा' असा पर्याय निवडून घेतलेलं असेल तर ते `155223` ने बंद होत नाही. ते प्ले स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून काढायला लागतं. ॲप उडवून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं नसतं. तसंच प्लॅनसोबत काही महिने फुकट मिळालेलं व्हिडिओ ॲप मुदतीनंतर पैसे लावू लागतं का, हे ते घेतानाच्या एसएमएसमध्ये असतं. हा एसएमएस कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही.

आता उरले १६८.२४, 'वापर' या नावाखाली. पाचव्या पानावर त्याचे दोन भाग होते: १० रुपये आंतरराष्ट्रीय एसएमएसचे, १५८.२४ डेटाचे.

दहा रुपयांवरून मावशीच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली, हे सांगायला हवं. २५ नोव्हेंबरला इंग्लंडच्या नंबरवर दोन एसएमएस. 'इंग्लंडमध्ये आपलं कोण आहे?' फोन हॅक झाला का, बँकेला कळवायचं का, इथपर्यंत गोष्ट गेली होती. मी विचारलं, 'मुलाने दुबईहून फोन दिला का?' दिला होता, आयफोन. परत आल्यावर २५ ला तिने त्यात सिम घातलं. आयफोनमध्ये सिम घातलं की आयमेसेज आणि फेसटाइम चालू करण्यासाठी फोन स्वतःच, न विचारता, परदेशी क्रमांकावर एक छुपा एसएमएस पाठवतो. तो तुमच्या पाठवलेल्या मेसेजच्या यादीत दिसत नाही, फक्त बिलावर दिसतो. सिम बदललं किंवा फोन नव्याने सेट केला की पुन्हा जाऊ शकतो. हॅकिंग वगैरे काही नाही.

तोच फोन पुढच्या ओळीचंही कारण निघाला.

१५८.२४ ला प्लॅनच्या दराने भागलं. मावशीच्या प्लॅनमध्ये कोटा संपल्यावर एमबीला २ पैसे लागतात. म्हणजे ७,९१२ एमबी, साधारण ७.७ जीबी. (सगळ्या प्लॅनमध्ये असं नसतं. काहींत कोटा संपला की पैसे लागत नाहीत, वेग ६४ केबीपीएसवर येतो. आपला कुठला ते पहिल्या पानावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये लिहिलेलं असतं.) मावशीचे ४० आणि काकांचे १० असा ५० जीबीचा सामायिक कोटा होता, आणि वापर ५७.७ झाला होता.

पैसे लागायला लागले ८ डिसेंबरपासून. त्या चार दिवसांत कोणी काय केलं? काकांनी स्कोअर बघितला, मावशीने बहिणीला व्हिडिओ कॉल केला. दोघेही एकमेकांकडे बघत होते. इथे लोक हमखास फसतात: ज्या दिवशी पैसे लागले त्या दिवशीच्या वापरात कारण शोधतात. कोटा हा माठासारखा आहे. शेवटचा पेला ज्याने भरला त्याने माठ रिकामा केलेला नसतो. म्हणून पैसे कधी लागले ते न बघता रोजच्या वापराचा तक्ता बघायचा आणि त्यात उंच उडी कुठे आहे ते शोधायचं.

उडी २५ आणि २६ नोव्हेंबरला होती. दोन दिवसांत मिळून १२ जीबी, मावशीच्या नंबरवर. भारतातल्या बाकी दिवसांत दोघांचा मिळून वापर रोज दोन जीबीच्या आसपास. नवा फोन सेट करताना सगळी ॲप उतरली, व्हॉट्सॲपचे जुने फोटो-व्हिडिओ परत आले, आणि सिस्टिमचा अपडेटही. घरात वायफाय होतं. पण पासवर्ड काकांच्या डायरीत, आणि डायरी प्रवासाच्या बॅगेत. 'म्हटलं, नेट चालतंय तर चालू दे.'

त्यात नव्या फोनची एक सवय भर घालते. ५जी असलेल्या आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पर्यायांत `Data Mode` म्हणून एक जागा आहे. तिथे `Allow More Data on 5G` निवडलेलं असलं तर मोठे अपडेट मोबाइल डेटावरही उतरतात, वायफायची वाट बघत नाहीत. ते `Standard` वर आणलं. अँड्रॉइडवर हेच काम डेटा वापराच्या सेटिंगमध्ये बिलाची तारीख आणि मर्यादा टाकून होतं. तारीख मात्र बिलाच्या चक्राची टाकायची, महिन्याची एक तारीख नाही. मावशीच्या बाबतीत ती १२.

ते बारा जीबी वायफायवर गेले असते तर वापर ४५.७ वर थांबला असता आणि १५८ रुपये लागलेच नसते. हा पैसाही न्याय्य होता. कोटा निम्मा झाल्यावर, संपत आल्यावर आणि संपल्यावर एसएमएस यायला हवेत, ते आले होते का हे बघितलं. आले होते, जाहिरातींच्या एसएमएसमध्ये बुडालेले.

२,०५० अधिक १४० अधिक १० अधिक १५८.२४. उरलं शून्य.

म्हणजे सात हजारांच्या बिलात भांडण्यासारखी रक्कम निघाली १४० रुपये, आणि पुढच्या बिलातले ३५. मावशीला हे पटायला जरा वेळ लागला. तिचा राग दोन हजारांवर होता आणि मी तिला पावणेदोनशेसाठी तक्रार करायला लावत होतो.

तक्रार कस्टमर केअरच्या फोनवर केली तरी चालते, पण डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. तो एसएमएसनेही येतो. तक्रारीचं वाक्य मी तिला लिहून दिलं, कारण फोनवर पलीकडचा माणूस संभाषण प्लॅन बदलण्याकडे नेतो: 'अमुक जोड नंबरवर १५ नोव्हेंबरपासून दर सात दिवसांनी ३५ रुपये अशी सेवा माझ्या संमतीशिवाय लागली आहे. आजवर पाच वेळा. दुसऱ्या संमतीची नोंद द्या, नसेल तर करासह रक्कम परत करा.' करासह हे म्हणावं लागतं. १७५ वर ३१.५० कर आहे आणि मूळ रक्कम परत देताना तो कधीकधी राहून जातो.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ॲथॉरिटीकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. फी नाही, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्यासाठीही डॉकेट नंबर लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन `1915`, आणि शेवटी ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं की नाही यावर बरीच वर्षं वाद होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने मिटवला. पावणेदोनशे रुपयांसाठी कोणी तिथवर जात नाही, हे मलाही कळतं. मावशीचं काम पहिल्याच पायरीवर झालं. संमतीची नोंद कंपनीला दाखवता आली नाही.

बिल भरायचं का, हा तिचा शेवटचा प्रश्न होता, आणि अख्ख्या प्रकरणात तिने स्वतःहून विचारलेला पहिला. मी म्हटलं, मुदतीत भरून टाक. वादातली रक्कम लहान आहे, ती पुढच्या बिलात वळती होईल. रक्कम मोठी असती तर वाद नसलेला भाग भरून बाकीची तक्रारीत नोंदवून घ्यायला सांगितलं असतं. पण बिल अख्खं थकवलं तर विलंब शुल्क लागतं, फोन बंद होतो, आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो.

जानेवारीच्या मध्यावर मावशीचा पुन्हा फोटो आला. बिलाचं पहिलं पान, तेच टेबल. भाडं ६४८, व्हॅल्यू ॲडेड ३५, कर, आणि खाली वजा २०६.५०. एकूण ५९९.४४. या वेळीही सोबत एक अक्षर नव्हतं. पाच मिनिटांनी उरलेली पाच पानं आली, क्रमाने, बोटं न येता.